सेटलमेंटमध्ये ४३७ रुपये दिसतात, मग एका कुर्तीमागे हातात ५० रुपयेच का उरतात?

इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर असे स्क्रीनशॉट रोज फिरत असतात. विक्री किंमत ६३० रुपये, सेटलमेंट ४३७ रुपये ६० पैसे, आणि खाली कॅप्शन असतं, 'घाऊक बाजारातून २९४ ला उचललेली कुर्ती, एका पीसमागे १४३ रुपये नफा.' वाचणारा लगेच गुणाकार करतो. महिन्याला १०० ऑर्डर म्हणजे १४ हजार रुपये. तेवढ्या आकड्यावर कुणी नोकरी सोडायचा विचार करतं, तर कुणी सोनं गहाण ठेवून माल भरतं.

स्क्रीनशॉट खोटा नसतो. पण तो एका यशस्वी ऑर्डरचा असतो. ज्या ऑर्डर परत आल्या, त्यांचा स्क्रीनशॉट कुणी टाकत नाही आणि खरा नफा त्या दोन्ही स्क्रीनशॉटच्या मध्ये कुठेतरी असतो. तो शोधायचा कसा, हे एकाच कुर्तीचं उदाहरण घेऊन बघूया. उदाहरणातले फीचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या मार्केटप्लेसचे दर तुमच्या सेलर पॅनलवर असतात, ते या जागी घाला. हिशोबाची रीत तीच राहते.

आधी स्क्रीनशॉट नीट वाचूया

आपल्या उदाहरणातल्या ऑर्डरवर या ओळी आहेत :

- विक्री किंमत (५ टक्के जीएसटीसह) : ६३०.००
- कमिशन, १२ टक्के : −७५.६०
- फिक्स्ड फी : −१४.४०
- शिपिंग फी : −७०.००
- वरच्या तिन्ही फीवर १८ टक्के जीएसटी : −२८.८०
- टीसीएस : −३.००
- टीडीएस : −०.६०
- सेटलमेंट : ४३७.६०

प्रत्येक मार्केटप्लेसवर या ओळींची नावं थोडी वेगळी असतात. ॲमेझॉनवर कमिशनला रेफरल फी म्हणतात, फिक्स्ड फीच्या जागी क्लोजिंग फी असते आणि शिपिंगच्या जागी वेट हँडलिंग फी. मीशो झिरो कमिशनची जाहिरात करतं, त्यामुळे तिथे कमिशनची ओळ सापडणार नाही, पण शिपिंग आणि रिटर्नचा खर्च असतोच. नाव काहीही असो, वजा होणारी प्रत्येक ओळ तीनपैकी एका खात्यात टाका. पहिलं खातं कायमच्या खर्चाचं. कमिशन, फिक्स्ड फी आणि शिपिंग, मिळून १६० रुपये. हे गेले ते गेले. दुसरं खातं आगाऊ कापलेल्या कराचं, म्हणजे टीसीएस आणि टीडीएस. तिसरं खातं जीएसटीचं. गोंधळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या खात्यात.

टीसीएस आणि टीडीएस खर्च नाहीत

टीसीएस हा जीएसटी कायद्याखाली कापला जातो. जुलै २०२४ पासून त्याचा दर करपात्र किमतीच्या अर्धा टक्का आहे. आपल्या कुर्तीची जीएसटी सोडून किंमत ६०० रुपये, त्याचा अर्धा टक्का म्हणजे ३ रुपये. मार्केटप्लेस हे पैसे तुमच्या जीएसटी नंबरवर सरकारकडे भरतं. पोर्टलवर जाऊन तुम्ही ती नोंद स्वीकारली, की रक्कम तुमच्या कॅश लेजरमध्ये जमा होते. बरेच छोटे विक्रेते ही नोंद कधी स्वीकारतच नाहीत आणि स्वतःचे पैसे तिथेच पडून राहू देतात.

टीडीएस हा आयकराचा भाग. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर ०.१ टक्का आहे. तो तुमच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. एखादी व्यक्ती स्वतःच्या नावावर विकत असेल, त्या मार्केटप्लेसवरची वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल, तर हा टीडीएस कापला जात नाही.

दोन्ही मिळून ३ रुपये ६० पैसे. हिशोबात ते परत मिळवायचे. ४३७.६० अधिक ३.६०, म्हणजे ४४१ रुपये २० पैसे.

मग जीएसटीचं काय?

६३० मधले ३० रुपये तुमचे कधीच नव्हते. ते ग्राहकाने भरलेला जीएसटी आहे आणि तो तुम्ही सरकारला देणं लागता. दुसऱ्या बाजूला तुम्ही स्वतः दोन ठिकाणी जीएसटी भरलेला आहे. कुर्ती २८० अधिक ५ टक्के म्हणजे २९४ ला घेतली, त्यात १४ रुपये. फीवर कापलेले २८ रुपये ८० पैसे. जीएसटीत नियमित नोंदणी असेल आणि दोन्हीची बिलं तुमच्या जीएसटी नंबरवर असतील, तर या ४२ रुपये ८० पैशांचं क्रेडिट मिळतं.

देणं ३०, क्रेडिट ४२.८०. म्हणजे खिशातून काही भरावं लागणार नाही आणि वरचे १२ रुपये ८० पैसे लेजरमध्ये शिल्लक राहतील. इथे अनेक जण हे १२.८० नफ्यात धरतात. तसं करू नका. मालावर ५ टक्के आणि फीवर १८ टक्के असा फरक असला की हे क्रेडिट महिन्यामागून महिना साचत जातं. कमी दराच्या मालामुळे साचलेल्या क्रेडिटचा रिफंड मागता येतो, पण त्या सूत्रात सेवांवर भरलेला जीएसटी धरत नाहीत. मार्केटप्लेसची फी ही सेवाच आहे. त्यामुळे हा आकडा पोर्टलवर दिसत राहतो, हातात येत नाही.

माल १८ टक्क्यांचा असेल तर चित्र उलटं होतं. समजा कुर्तीऐवजी हँडबॅग आहे, तिचीही किंमत ६३० आहे आणि खरेदी २८० अधिक जीएसटी. आता ६३० मध्ये जीएसटी ९६ रुपये १० पैसे निघतो. क्रेडिट मिळतं खरेदीचे ५०.४० आणि फीचे २८.८०, एकूण ७९.२०. उरलेले १६ रुपये ९० पैसे रोख भरावे लागतात. सेटलमेंटच्या स्क्रीनशॉटवर ही रक्कम कुठेच दिसत नाही, पण पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला ती भरायची असते. जीएसटी नोंदणीशिवाय फक्त राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांना क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी फीवरचा जीएसटी हा सरळ खर्च आहे.

कुर्तीकडे परत येऊ. ४४१.२० मधून खरेदीचे २९४ वजा, पिशवी, लेबल आणि टेपचे १२ वजा. ग्राहकाने ठेवून घेतलेल्या एका कुर्तीमागे उरले १३५ रुपये २० पैसे. कॅप्शनमधल्या १४३ पेक्षा थोडे कमी, पण वाईट नाहीत. खरा धक्का इथून पुढे आहे.

आता दुसरा स्क्रीनशॉट : परत आलेली ऑर्डर

पार्सल परत येण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे मोजायला हवेत. पहिला आरटीओ. ग्राहकाने पार्सल घेतलंच नाही, पत्ता सापडला नाही, फोन उचलला नाही, आणि कुरिअरने ते तसंच परत पाठवलं. दुसरा कस्टमर रिटर्न. ग्राहकाने घेतलं, उघडलं, घालून पाहिलं आणि परत केलं.

आपल्या उदाहरणात आरटीओवर मार्केटप्लेस काही कापत नाही. फी उलटी जमा होते आणि सेटलमेंट शून्य दिसतं. पण पिशवी फाटलेली असते, लेबल वाया गेलेलं असतं, म्हणजे १२ रुपये गेले. शिवाय तो पीस दोन-तीन आठवडे प्रवासात अडकतो आणि तेवढे दिवस त्यात गुंतलेले २९४ रुपयेही.

कस्टमर रिटर्नच्या ऑर्डरवर मात्र असं दिसतं : विक्री शून्य, कमिशन परत, फिक्स्ड फी परत, जातानाची शिपिंग परत, टीसीएस परत. आणि खाली एक नवी ओळ, रिटर्न शिपिंग १५० रुपये, त्यावर जीएसटी २७. सेटलमेंट उणे १७७. हे २७ रुपये इथे पूर्ण खर्चातच धरा, कारण आपलं क्रेडिट आधीच साचलेलं आहे.

या १७७ मध्ये पॅकिंगचे १२ मिळवा. मग येतो स्क्रीनशॉटवर न दिसणारा आकडा. परत आलेली प्रत्येक कुर्ती पुन्हा विकता येत नाही. कुणावर हळदीचा डाग असतो, कुणाचा टॅग तोडलेला असतो, कधी पिशवीत भलतंच जुनं कापड निघतं. समजा पाचातली एक कुर्ती वाया जाते. २८० चा पाचवा भाग म्हणजे ५६ रुपये, हा प्रत्येक रिटर्नवर सरासरी चढणारा तोटा. तिन्ही मिळून एका कस्टमर रिटर्नची किंमत २४५ रुपये होते.

ठेवून घेतलेली कुर्ती १३५ रुपये देते आणि परत आलेली २४५ नेते. म्हणजे एक रिटर्न जवळजवळ दोन विक्रीचा नफा गिळतो.

१०० ऑर्डरचा महिना

आता पूर्ण महिना घेऊ. १०० पार्सल पाठवली. १२ आरटीओ झाली, १८ ग्राहकांनी परत केली, ७० राहिली. जाहिरातीचे १,४०० रुपये मार्केटप्लेसने पेमेंटमधून परस्पर कापले. जाहिरातीचा खर्च एका ऑर्डरच्या स्क्रीनशॉटवर येत नाही, तो पूर्ण पेमेंटच्या तपशिलात वेगळा असतो. म्हणूनच तो बहुतेकांच्या हिशोबातून सुटतो.

- ७० कुर्त्यांचे १३५.२० प्रमाणे : ९,४६४
- १८ रिटर्नचे २४५ प्रमाणे : −४,४१०
- १२ आरटीओचे १२ प्रमाणे : −१४४
- जाहिरात : −१,४००
- महिन्याचा खरा नफा : ३,५१०

३,५१० ला ७० ने भागा. ठेवून घेतलेल्या एका कुर्तीमागे ५० रुपये. पाठवलेल्या एका पार्सलमागे तर ३५ रुपयेच. यात तुमच्या वेळेची मजुरी, इंटरनेट आणि जागेचं भाडं अजून धरलेलंच नाही.

हा आकडा बरोबर आहे का, हे बँकेच्या पासबुकावरून पडताळता येतं. ७० ऑर्डरचे ४३७.६० प्रमाणे ३०,६३२ आले पाहिजेत. त्यातून १८ रिटर्नचे ३,१८६ आणि जाहिरातीचे १,४०० गेले. म्हणजे खात्यात २६,०४६ रुपये जमा व्हायला हवेत. तुमच्या बँकेतला आकडा यापेक्षा बराच कमी असेल, तर कुठली तरी कपात तुमच्या यादीतून सुटली आहे. पेमेंट रिपोर्टची फाइल उतरवून घ्या आणि ती शोधा. हा ताळा दर महिन्याला जमला पाहिजे.

तोटा नेमका कुठे सुरू होतो?

एवढं मांडून झालं की सगळ्यात कामाचा आकडा काढता येतो. बाकी सगळं तेच ठेवून फक्त कस्टमर रिटर्न वाढवत न्या. १८ ऐवजी २७ परत आल्या, तर ६१ राहतात आणि महिन्याचा नफा ८८ रुपये उरतो. २८ परत आल्या की २९२ रुपये तोटा. म्हणजे या कुर्तीची मर्यादा शंभरात २७ आहे. त्याच्या पुढे जितक्या जास्त ऑर्डर येतील तितका तोटा वाढत जाईल, आणि डॅशबोर्डवर विक्रीचा आलेख मात्र वर चढताना दिसेल.

यातून आणखी एक गोष्ट कळते. किंमत २१ रुपयांनी वाढवली, तर जादा कमिशन जाऊन एका कुर्तीमागे साधारण १८ रुपये हाती राहतात. ७० कुर्त्यांचे १,२६० च्या आसपास, तेही ऑर्डर कमी झाल्या नाहीत तर. त्याऐवजी पाच रिटर्न कमी झाले, तर पाच जास्त विक्री आणि पाच कमी नुकसान, मिळून १,९०० रुपये वाचतात. त्यामुळे रिटर्नची कारणं वाचणं हे हिशोबाचंच काम आहे. पॅनलवर प्रत्येक रिटर्नसमोर कारण असतं. 'साइज लहान' हे कारण १८ पैकी १० वेळा दिसत असेल, तर साइज चार्टमध्ये छातीचं माप कापडाचं आहे की अंगाचं, हे आधी तपासा. सगळ्या डिझाइनची सरासरी काढू नका. प्रत्येक डिझाइनचा हिशोब वेगळा करा. बऱ्याचदा एकच डिझाइन बाकी पाचांचा नफा खात असतं.

तीच कुर्ती, पण शिपिंग वेगळं का?

एकाच कुर्तीच्या दहा ऑर्डर शेजारी ठेवल्या आणि शिपिंग ७०, ७०, ७०, ११८ असं दिसलं, तर दोन शक्यता असतात. पहिली अंतराची. जिथे शिपिंग झोनप्रमाणे असतं तिथे पुण्याहून साताऱ्याला जाणारं पार्सल आणि गुवाहाटीला जाणारं पार्सल यांचे दर वेगळे लागतात. अशा वेळी एका स्क्रीनशॉटवरचं शिपिंग न धरता महिन्याची सरासरी धरा.

दुसरी शक्यता वजनाची. कुरिअर फक्त काट्यावरचं वजन बघत नाही, पार्सलने किती जागा अडवली तेही बघतं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि ५,००० ने भागायचं. हे झालं आकारमानाचं वजन, किलोमध्ये. काट्यावरचं आणि हे, यातलं जे जास्त त्यावर फी लागते.

आपली कुर्ती काट्यावर ४०० ग्रॅम भरते. ती ३० बाय २५ बाय ३ सेंटीमीटरच्या सपाट पिशवीत भरली, तर आकारमानाचं वजन ४५० ग्रॅम येतं आणि ती अर्ध्या किलोच्या टप्प्यात बसते. तीच घडी सैल करून ८ सेंटीमीटर उंचीच्या खोक्यात टाकली, तर वजन १ किलो २०० ग्रॅम होतं. कापड तेच, पण फी कितीतरी वरच्या टप्प्याची.

तुमची पिशवी सपाट आहे, पत्ता जवळचा आहे आणि तरी फी जास्त लागली, तर कुठेतरी मोजताना चूक झाली असणार. तशी तक्रार पॅनलवरून करता येते, पण पुरावा लागतो. म्हणून पॅक केलेलं पार्सल काट्यावर ठेवून आणि बाजूला मोजपट्टी धरून एकदा फोटो काढून ठेवा. तक्रारीला मुदत असते, त्यामुळे महिनाअखेरीची वाट न बघता दर आठवड्याला शिपिंगची ओळ चाळा.

कोणता स्क्रीनशॉट विश्वासाचा?

एक शेवटची खबरदारी. पैसे जमा झाले म्हणजे ऑर्डर पक्की झाली असं नाही. रिटर्नची मुदत संपण्याआधी सेटलमेंट झालं असेल, तर परत आलेल्या ऑर्डरची रक्कम पुढच्या पेमेंटमधून कापली जाते. त्यामुळे चालू आठवड्याचे आकडे नेहमी गोड दिसतात. हिशोब करायचा तर दीड महिना जुन्या ऑर्डर घ्या. त्यातलं काय राहिलं आणि काय परत आलं, हे तोवर ठरलेलं असतं.

आणि कुणी ग्रुपवर ४३७ चा स्क्रीनशॉट टाकून 'माझ्याकडून माल घ्या, एका पीसमागे १४३ सुटतात' म्हणालं, तर त्यांना तीनच आकडे विचारा. दीड महिन्यापूर्वीच्या १०० ऑर्डरपैकी किती परत आल्या, एका रिटर्नला किती कापले गेले आणि त्या महिन्यात जाहिरातीवर किती गेले? हे तीन आकडे मिळाले, की वरच्या पाच ओळींचा तक्ता तुम्ही स्वतः भरू शकता. मिळाले नाहीत, तर निदान त्या १४३ च्या भरवशावर माल भरू नका.